ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी मंजूर करायचं पीआरडी: एका दूध संस्थेच्या ॲपवरून

प्रश्न: आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावातल्या एका सहकारी दूध संस्थेसाठी मोबाइल ॲप करायचं काम मिळालंय. मी नेहमीच्या पद्धतीने पस्तीस पानांचं पीआरडी, म्हणजे ॲपने काय काय करायचं ते सांगणारा दस्तऐवज, करून दिलं. चेअरमन म्हणाले, "तुम्ही एवढं केलंय म्हणजे बरोबरच असणार, सही कुठं करू?" संचालक मंडळात कुणालाच प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यांना खरंच कळेल, आणि सहा महिन्यांनी "आम्ही असं सांगितलंच नव्हतं" होणार नाही, असं पीआरडी कसं लिहायचं?

उत्तर:

चेअरमनांनी न वाचता सही करायची तयारी दाखवली यात त्यांचा दोष नाही. तुमच्या पस्तीस पानांत त्यांना "हे चूक आहे" असं म्हणता येईल असं एखादं तरी वाक्य आहे का, ते बघा. "ॲपमध्ये फॅट व एसएनएफनुसार दर काढण्याची सुविधा असेल." एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. या वाक्याला नाही कोण म्हणणार? आता हेच असं लिहून बघा: "सभासद क्र. ११२ ने सकाळी गायीचं ७.३ लिटर दूध घातलं, फॅट ३.८, एसएनएफ ८.४. त्याला २५१ रुपये १२ पैसे मिळतील." सचिव लगेच खिशातून मोबाइल काढून हिशेब करायला लागतील. मंजुरी तिथून सुरू होते.

म्हणजे सही सुविधांच्या यादीवर घ्यायची नाही, आकड्यांसकट सोडवलेल्या उदाहरणांवर घ्यायची. संचालकांना ॲपमधलं काही कळत नसलं तरी दुधाचं बिल तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दस्तऐवज त्यांच्या त्या ज्ञानाला भिडला पाहिजे.

त्यासाठी आधी तुमच्या पीआरडीचे दोन तुकडे करा. एक मंजुरीचा भाग: आठ-दहा पानं, मराठीत, मोठ्या अक्षरात. दुसरी तांत्रिक जोड: डेटाबेस, एपीआय, सर्व्हर, जे काय तुमच्या मुलांना लागतं ते. जोडीवर मंडळाची सही मागूच नका, ती त्यांच्या कामाची नाही. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. ज्या निर्णयाने कुणाचे पैसे बदलतात, कुणाचा अधिकार बदलतो किंवा कुणाला रांगेत जास्त वेळ थांबावं लागतं, असा एकही निर्णय जोडीत लपलेला नको. तो पहिल्या भागात, साध्या वाक्यात आला पाहिजे.

पहिल्या पानावर दोनच गोष्टी लिहा: आज काय होतं आणि ॲप आल्यावर काय होईल. त्याखाली पहिल्या टप्प्यात काय नाही. मी ज्या संस्थेचं काम डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय तिथे ही यादी अशी होती: पशुखाद्याचा साठा नाही, किर्द-खतावणी नाही, सभासदाच्या बँक खात्यात थेट पैसे पाठवणं नाही. संचालक हा भाग सगळ्यात बारकाईने वाचतात, कारण शेजारच्या गावच्या संस्थेत कायकाय आहे ते त्यांनी ऐकलेलं असतं आणि आपल्यातही ते असणारच असं गृहीत धरलेलं असतं. पहिल्याच पानावर भांडण झालं तर बरंच.

आता मुख्य भाग, दर. संस्थेचं दरपत्रक असतंच. समजा गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला लिटरला ३४ रुपये आहेत. फॅटच्या दर एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे वाढतात किंवा कमी होतात. एसएनएफ एका पॉइंटने कमी झाला तर ५० पैसे कापले जातात. (हे आकडे समजावण्यापुरते, तुम्ही तुमच्या संस्थेचे टाका.) पीआरडीत नियम असा उतरतो:

> नियम ३. दर. दर संस्थेच्या चालू दरपत्रकावरूनच निघेल.
> उदाहरण ३-अ. सभासद ११२, सकाळ, गाय, ७.३ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.४.
> मूळ दर ३४.०० + फॅटचे तीन पॉइंट ०.९० − एसएनएफचा एक पॉइंट ०.५० = ३४.४० रु.
> ३४.४० × ७.३ = २५१.१२ रु.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. म्हणून पुढचं उदाहरण मुद्दाम अवघड घ्यायचं. दूध तपासणीचं यंत्र पडद्यावर ३.७८ दाखवतं. दरपत्रकात ३.७ आहे, ३.८ आहे, ३.७८ नाही. मग दर कोणता लावायचा? ३.८ धरला तर २५१.१२. पुढचा आकडा सोडून ३.७ धरला तर दर ३४.१० आणि रक्कम २४८.९३. एका वेळच्या दुधात दोन रुपये एकोणीस पैशांचा फरक.

तुमच्या कार्यालयात हा प्रश्न प्रोग्रॅमर स्वतःच सोडवून टाकतो. संगणकाला जे सोपं ते तो लिहितो, आणि तो निर्णय होता हे त्याच्या लक्षातही येत नाही. संस्थेला मात्र हा पैशाचा प्रश्न आहे. दुसरा आकडा सरसकट सोडून दिला तर फॅटचा सरासरी जवळपास अर्धा पॉइंट जातो, म्हणजे लिटरमागे साधारण तेरा-चौदा पैसे. दिवसाला १४०० लिटर संकलन असलं तर रोजचे साधारण १९० रुपये सभासदांकडून संस्थेकडे सरकतात. उलट बाजूही आहे. संस्था ते दूध पुढे तालुका संघाला घालते. संघ आकडा सोडून देत असेल आणि संस्था मात्र सभासदाला वरच्या पॉइंटला धरत असेल, तर तो फरक संस्थेच्या अंगावर पडतो. म्हणून पीआरडीत हा नियम न लिहिता प्रश्न लिहायचा:

> निर्णय हवा क्र. १. यंत्राने दोन अपूर्णांकी फॅट दाखवल्यास:
> (क) जवळच्या पॉइंटला धरायचं: ३.७८ चे ३.८, ३.७४ चे ३.७.
> (ख) दुसरा आकडा सोडायचा: दोन्ही ३.७.
> संघ आपल्याला यातलं कोणतं लावतो, ते सचिवांनी विचारून कळवायचं.

पर्याय दोनच ठेवा, फार तर तीन. प्रत्येकासमोर रुपयांतला परिणाम लिहा. तुमचं मत विचारलं तर जरूर सांगा, पण खूण त्यांनी करायची.

याच भागात मोजमापही पक्कं करून घ्या. काटा किलो दाखवतो की लिटर? गायीच्या दुधाचं एक लिटर साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावर ७.५ आले आणि ते किलो असतील, तर लिटर ७.२८ होतात. काही काटे आतल्या आत लिटर करून दाखवतात, काही करत नाहीत. तुमच्या ॲपनेही १.०३ ने भागलं आणि काट्यानेही भागलेलं असलं, तर सभासदाचं दूध दोनदा कमी होतं. कार्यालयात बसून हे कळत नाही. संकलनाच्या वेळी जाऊन काट्यावर एक मोजलेलं लिटर ठेवून बघावं लागतं. आणि दरपत्रक जिथे संपतं तिथलं एक उदाहरण हवंच: पत्रक ३.० फॅटपासून सुरू होतंय आणि आज २.९ आलं, तर दूध परत करायचं, की सर्वांत खालच्या दराने घ्यायचं, की चेअरमनला फोन करायचा? माझ्या अनुभवात तिसरा पर्यायच चालू असतो, फक्त तो कुठे लिहिलेला नसतो.

दराइतकाच तापणारा दुसरा विषय म्हणजे नोंद बदलण्याचा अधिकार. वहीत खाडाखोड दिसते. मोबाइलमध्ये ती दिसत नाही हे प्रत्येक सभासदाला माहीत असतं, आणि संशयाचं मूळ तिथेच असतं. "युजर रोल आणि परमिशन" असा तक्ता त्यांच्यापुढे ठेवून काही उपयोग नाही. रोज होणारी एक चूक घ्या. ११२ चं दूध घाईत १२१ च्या नावावर पडलं. आता ही चूक चार वेगवेगळ्या वेळी लक्षात आली असं धरून लिहा:

> नियम ७. चुकीची नोंद.
> ७-अ. रांग चालू असतानाच लक्षात आलं: क्लार्क नोंद दुरुस्त करेल.
> ७-आ. सकाळचं संकलन बंद केल्यावर लक्षात आलं: क्लार्कला बदलता येणार नाही. सचिव बदलतील, कारण लिहिल्याशिवाय ॲप पुढे जाणार नाही.
> ७-इ. बिल निघाल्यावर लक्षात आलं: जुनं बिल बदलणार नाही. पुढच्या बिलात १२१ ला "मागील फरक − २५१.१२" आणि ११२ ला "मागील फरक + २५१.१२" दिसेल.
> ७-ई. सभासदाने संस्था सोडल्यावर लक्षात आलं: ॲप काही करणार नाही, विषय मंडळापुढे जाईल.
> कोणत्याही दुरुस्तीत जुना आकडा पुसला जाणार नाही. तो खाली बारीक अक्षरात राहील. दोन्ही सभासदांना मेसेज जाईल.

हे मोठ्याने वाचून झाल्यावर एक संचालक म्हणाले, "आणि सचिवांनीच खोटी दुरुस्ती केली तर ती बघणार कोण?" सचिव शेजारीच बसले होते, थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग नियमात एक ओळ वाढली: महिन्यातल्या सगळ्या दुरुस्त्यांची यादी मासिक सभेपुढे येईल. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाकडून पीआरडीत आलेली ही अगदी नेमकी अपेक्षा होती. ऑडिट लॉग तुमच्या मुलांनी असाही ठेवलाच असता. पण तो कुणाच्या नजरेखालून जायला हवा, हे तांत्रिक माणसाला सुचलं नसतं.

रेंज नसण्याबद्दल लिहिताना "ऑफलाइन-फर्स्ट" वगैरे नको. काय होईल आणि काय होणार नाही, दोन्ही सांगा. रेंज नसली तरी नोंद मोबाइलमध्ये राहील, पावती निघेल, रेंज आली की नोंद आपोआप पुढे जाईल. पण रेंज यायच्या आत तो मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला, तर त्या वेळच्या नोंदी परत मिळणार नाहीत. सभासदांच्या हातातल्या पावत्या गोळा करून त्या पुन्हा भराव्या लागतील. हे शेवटचं वाक्य लिहायला हात अडखळतो, कारण ग्राहक घाबरेल असं वाटतं. घाबरू द्या. इथे मंडळाने विचारलं की मग पावती किती दिवस टिकते. छोट्या थर्मल प्रिंटरची छपाई उन्हाने, उष्णतेने उडते, पावती फार दिवस भरवशाची नाही, असं सांगितल्यावर त्यांनीच ठरवलं की पहिली तीन बिलं निघेपर्यंत जुनी वहीही चालू ठेवायची. त्यात क्लार्कचं काम दुप्पट होतं हेही मग त्याच नियमाखाली लिहिलं, म्हणजे क्लार्कच्या तक्रारीची जागा तिथेच झाली.

वेगाबद्दल एवढंच. "ॲप वेगवान असावं" हे मंजूरही करता येत नाही आणि नामंजूरही. रांगेतून आकडा काढा. सकाळी दीड तासात शंभर सभासद येतात, म्हणजे माणशी ५४ सेकंद. त्यांच्या तपासणी यंत्रालाच एका नमुन्याला चाळीस सेकंद लागत होते. राहिले चौदा. त्यात कॅन ओतणं, वजन, पावती. म्हणून पीआरडीत आलं: यंत्राने आकडा दिल्यापासून पावती निघेपर्यंत पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, रेंज असो वा नसो. हा आकडा हातात घड्याळ धरून कुणालाही तपासता येतो.

आता मेसेज. सगळ्या सभासदांकडे स्मार्टफोन नाहीत, त्यामुळे एसएमएस लागतोच. इथे बहुतेक पीआरडीत "सभासदाला एसएमएस जाईल" एवढं लिहून मोकळे होतात. पूर्ण मजकूर लिहा, अक्षर न अक्षर. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे भारतात व्यावसायिक एसएमएसचा साचा आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत मंजूर करून घ्यावा लागतो. बदलणाऱ्या आकड्यांच्या जागा सोडून बाकी मजकूर तसाच्या तसा जावा लागतो, त्यामुळे नंतर "एक शब्द बदला" हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. दुसरं कारण पैशाचं. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७० चा. आणि इथे अक्षर म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, उकार, हलंत, जागा, टिंब, सगळं वेगळं मोजलं जातं. "क्र" हे आपल्याला एक अक्षर, मोबाइल कंपनीला तीन.

आम्ही मांडलेला मजकूर असा होता:

> स.क्र.११२ दि.१४/६ सकाळ गाय ७.३लि फॅट३.८ एसएनएफ८.४ दर३४.४० रु.२५१.१२

हे मोजलं तर ६७ भरतात, म्हणजे एका एसएमएसात बसतं, जेमतेम. चेअरमनांना शेवटी संस्थेचं नाव हवं होतं. नाव जोडलं की सत्तर ओलांडले जातात आणि प्रत्येक मेसेजला दोन एसएमएसचे पैसे पडतात, दिवसातून दोनदा, प्रत्येक सभासदामागे. पीआरडीत दोन्ही मजकूर शेजारी शेजारी दिले आणि खाली महिन्याला किती एसएमएस होतील ते लिहिलं: शंभर सभासद, दोन वेळा, तीस दिवस, म्हणजे ६,०००. नाव जोडलं तर १२,०००. आणखी एक सावधगिरी: दिवस दोन आकडी, महिना दोन आकडी, दूध दहा लिटरच्या वर, रक्कम हजाराच्या वर, असा दिवसही येतो. वरच्या मजकुरात त्याने तीन अक्षरं वाढतात आणि बरोबर सत्तर होतात. सभासद क्रमांक चार आकडी झाला की एकाहत्तर. म्हणून मोजताना नेहमी सर्वांत लांब उदाहरण घ्यायचं. मंडळाने मग "सकाळ"च्या जागी "स." आणि "सायंकाळ"च्या जागी "सा." केलं आणि नावाचा विषय तिथेच मिटला.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते. सहीच्या आधी एक जुनं बिल कागदावर चालवून बघायचं. या संस्थेत दुधाचं बिल दहा दिवसांचं निघतं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. सचिवांकडून एका सभासदाचं मागचं पूर्ण बिल मागा, संमती घेऊन, आणि फक्त तुमच्या पीआरडीतले नियम वापरून ते पुन्हा तयार करा. तोंडी माहिती वापरायची नाही. आकडा जुळला तर नियम पुरे आहेत. नाही जुळला तर कुठलातरी नियम अजून कुणाच्या तरी डोक्यातच आहे.

आमचा जुळला नाही. दुधाचे एकूण २,४८० रुपये झाले होते. सभासदाने पशुखाद्य उधार नेलेलं, त्याचे १,६५० येणे होते. पीआरडीत नियम होता, "उधारी बिलातून वजा होईल." त्या हिशेबाने सभासदाच्या हातात ८३० यायला हवे होते. वहीत दिलेले होते १,२४०. आधी वाटलं वहीची बेरीज चुकली. मग लक्षात आलं, १,२४० म्हणजे २,४८० चे बरोबर निम्मे. सचिवांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "अहो, निम्म्याच्या वर कधी कापत नाही. घरात काहीतरी गेलं पाहिजे की." उरलेले ४१० पुढच्या बिलात ओढलेले होते.

ही प्रथा किती वर्षांपासून आहे कुणाला सांगता येईना, ठरावातही ती नव्हती. ॲप जुन्या नियमाने गेलं असतं, तर पहिल्याच बिलाला उधारी असलेल्या प्रत्येक घरात कमी पैसे गेले असते आणि दोष "मोबाइलवाल्यांचा" झाला असता. मंडळात यावर बराच वेळ चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं, पूर्ण कापा, उधारी फुगते. शेवटी निम्म्याचा नियम राहिला, पण एक अट आली:

> नियम ११. उधारीची कपात. एका बिलातून जास्तीत जास्त निम्मी रक्कम कापली जाईल. बाकी पुढच्या बिलात ओढली जाईल. तीन बिलांनंतरही बाकी उरल्यास नवी उधारी देण्याआधी ॲप सचिवांना सूचना दाखवेल, पण उधारी अडवणार नाही.
> उदाहरण ११-अ. बिल २,४८०, उधारी १,६५०. कपात १,२४०. हातात १,२४०. बाकी ४१०.

"सूचना दाखवेल, पण अडवणार नाही" हा तुकडा विसरू नका. प्रत्येक मर्यादेबाबत हे विचारायचंच: ॲपने सांगायचं की थांबवायचं? संस्थेत अपवाद रोज होतात, आणि जे ॲप अडवतं त्याला माणसं वळसा घालतात. ११२ ला अडवलं की ती उधारी भावाच्या नावावर पडते.

शेवटच्या बिलाच्या दिवसांचंही एक उदाहरण ठेवा. फेब्रुवारीत ते आठ दिवसांचं असतं, लीप वर्षी नऊ, ३१ च्या महिन्यात अकरा. "दर दहा दिवसांनी" असं लिहिलंत, तर एखादा शब्दशः वागणारा प्रोग्रॅमर खरोखरच दर दहा दिवसांनी बिल काढेल.

सभेत हे कसं मांडायचं? घरी वाचायला देऊन उपयोग नाही, कुणी वाचत नाही. सभेत मोठ्याने वाचा. सभेच्या प्रतीत उदाहरणांच्या उत्तराची जागा रिकामी ठेवा. "सभासद १२१, संध्याकाळ, म्हैस, ४.६ लिटर, फॅट ६.७, एसएनएफ ९.०. किती रुपये?" दोन-तीन संचालकांना आणि सचिवांना आपापलं काढू द्या, मग तुमचा आकडा सांगा. उत्तरं वेगळी आली की नियम संदिग्ध आहे. तयार उत्तर छापलेलं असलं की माणूस ते बरोबर धरूनच वाचतो. चार-पाच उदाहरणं अशी सोडवली की सभेचा नूरच पालटतो, मागे बसलेलेही आकडेमोडीत पडतात. प्रत्येक नियमासमोर तीनच खुणा ठेवा: मंजूर, बदल, नंतर ठरवू. "नंतर ठरवू"ला तारीख आणि नाव लागेल, आणि तोपर्यंत ॲपचा तेवढा भाग सुरू होणार नाही हेही तिथेच लिहा.

सही चेअरमनांची एकट्याची घेऊ नका. सहकारी संस्थेत मंजुरी म्हणजे ठराव, सूचक-अनुमोदकासह, प्रोसिडिंगमध्ये. ठरावात "ॲपला मंजुरी" असं मोघम नको. "आराखडा आवृत्ती १.३, पाने १ ते ९, नियम १ ते २२ व त्यांखालील उदाहरणे मंजूर, निर्णय क्र. ४ पुढील सभेत" असं हवं. आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी छापा, कारण व्हॉट्सॲपवर जुनी प्रत फिरत राहते आणि वाद होतो तेव्हा नेमकी तीच समोर येते.

ॲप तयार झाल्यावर स्वीकारायचं कसं, हा प्रश्न मग वेगळा उरत नाही. त्याच सभेत, तीच उदाहरणं, सचिवांच्या हाताने ॲपमध्ये भरायची. ३-अ ला २५१.१२ आले पाहिजेत, ११-अ ला १,२४०. तुमच्या पैशाचा शेवटचा हप्ता यालाच बांधा, तुमच्यासाठीही तेच सुरक्षित आहे. "समाधानकारक वाटल्यास" अशी अट असली की कुणाचं समाधान, हे कधीच ठरत नाही.

मंजुरीनंतर बदल येणारच. दिवाळीचा रिबेट तर हमखास येतो, लिटरमागे अमुक पैसे वर्षभराच्या दुधावर. त्यासाठी शेवटी एक बदलपत्रक जोडा: काय बदल, कोणते नियम हलतात, नवं उदाहरण, खर्च, ठराव क्रमांक. नवं उदाहरण लिहिता येत नसेल तर तो बदल अजून ठरलेला नाही असं समजायचं. रिबेटचं उदाहरण लिहायला बसलं की लगेच निघतं: मध्येच दूध बंद केलेल्या सभासदाला तो द्यायचा का?

दोन कामं मात्र ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करा, कारण त्यांना लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. एक डीएलटीची नोंदणी, संस्थेच्या नावाने. दुसरं गूगल प्लेचं खातं, तेही संस्थेच्याच नावाने, तुमच्या कंपनीच्या नाही. संस्थेच्या नावाच्या खात्याला डी-यू-एन-एस, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीचा क्रमांक लागतो, तो हातात यायला वेळ जातो आणि अर्जातलं नाव-पत्ता नोंदणी प्रमाणपत्राशी जुळावं लागतं. खातं, डेटा आणि सभासदांचे मोबाइल क्रमांक कुणाच्या मालकीचे, हा पीआरडीतला एक ओळीचा नियम करा. पुढे कधी तुमचं आणि संस्थेचं पटलं नाही, तरी संस्थेला दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेता आलं पाहिजे.